चहात दूध फाटलं, दोष कुणाचा?

मे महिन्यात नांदेड-लातूरकडे पारा चाळिशी ओलांडतो. सकाळचं निरसं दूध दुपारपर्यंत बाहेर राहिलं तर वासावरून काही कळत नाही, पण उकळत्या चहात पडलं की फाटतं.

दुधातल्या केसीनच्या कणांवर ऋण भार असतो, म्हणून ते एकमेकांना चिकटत नाहीत. जिवाणू लॅक्टिक आम्ल तयार करतात, तसा हा भार घटतो. ताज्या दुधाचा पीएच साधारण ६.७ असतो. विरजून दही व्हायला तो ५ च्या आसपास यावा लागतो. उकळताना मात्र तो इतका खाली यायच्या बऱ्याच आधी गुठळ्या होतात. जिभेला आंबट लागायच्या आधीच!

गुळाच्या चहात घोळ वाढतो, कारण गूळही किंचित आम्लधर्मी असतो. मग चूक कुणाची? आधी चमचाभर दूध नुसतंच उकळून बघा. फाटलं तर दूधच उतरलंय. नाही फाटलं, तर तेच दूध साखरेच्या आणि गुळाच्या चहात वेगवेगळं घाला. चहा सारखाच गरम हवा. फक्त गुळाच्यात फाटलं तरी लगेच गुळाला दोष देऊ नका. दूध काठावर आलेलं असू शकतं. त्याच गुळात अगदी ताजं दूध घाला. तेही फाटलं, तर गूळ एकटाच पुरेसा आहे; नाही फाटलं, तर दोघांनी मिळून केलंय.