पुस्तक मिटल्यावर सुरू होणारा अभ्यास

दहावीच्या मुलाने पेशी विभाजनाचा भाग दोनदा वाचला आहे. महत्त्वाच्या ओळींवरून पिवळा मार्करही फिरवला आहे. तिसऱ्यांदा पान उघडले की त्याला सगळे ओळखीचे वाटते. पण पुस्तक मिटून विचारले, ‘‘मध्यावस्थेत गुणसूत्रे कुठे असतात?’’ तर तो अडतो. ‘‘वाचलंय, पण आत्ता आठवत नाही,’’ म्हणतो. तो खोटे बोलत नसतो. पाहिलेली गोष्ट ओळखणे आणि न पाहता ती आठवणे ही दोन वेगळी कामे आहेत. वारंवार वाचनाने पहिले काम सोपे होते, परीक्षेत मात्र दुसरे करावे लागते.

ही दरी भरून काढण्यासाठी अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ फ्रान्सिस रॉबिन्सन यांनी १९४६ साली ‘इफेक्टिव्ह स्टडी’ या पुस्तकात वाचनाची एक रीत मांडली. आढावा, प्रश्न, वाचन, आठवून सांगणे आणि उजळणी असे तिचे पाच टप्पे. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला ‘एसक्यूथ्रीआर’ म्हणतात. पेशी विभाजनाचाच भाग घेऊन ती कशी चालते ते पाहू.

पहिला टप्पा आढाव्याचा. यात वाचायचे नाही, पाने चाळायची. शीर्षके, उपशीर्षके, आकृत्या आणि शेवटचा स्वाध्याय एवढ्यावरूनच नजर फिरवायची. रॉबिन्सन यांनी यासाठी जेमतेम मिनिटभर सांगितले होते. एवढ्या वेळात कळते की विभाजन दोन प्रकारचे आहे, सूत्री आणि अर्धगुणसूत्री. सूत्री विभाजनात चार अवस्थांची चित्रे आहेत. स्वाध्यायात दोन प्रकारांतला फरक विचारला आहे. म्हणजे वाचायला लागण्याआधीच चार खणांचे एक कपाट मनात उभे राहते. पुढे येणारी माहिती त्या त्या खणात ठेवता येते. हा टप्पा गाळला की पूर्वावस्था, मध्यावस्था, पश्चावस्था आणि अंत्यावस्था ही चार नावे सुटी सुटी अंगावर येतात.

दुसरा टप्पा प्रश्नाचा. संपूर्ण प्रकरणाचे प्रश्न एकदम काढायचे नाहीत, समोरच्या एका शीर्षकापुरताच प्रश्न करायचा. ‘सूत्री विभाजन’ हे शीर्षक असेल तर बहुतेक मुले ‘सूत्री विभाजन म्हणजे काय?’ एवढेच विचारतात. हा प्रश्न फार लवकर संपतो, व्याख्येची पहिली ओळ सापडली की डोळे थांबतात. त्यापेक्षा ‘एका पेशीच्या दोन पेशी होताना दोघींकडे गुणसूत्रे तेवढीच कशी राहतात?’ असा प्रश्न घ्यावा. त्याचे उत्तर एका ओळीत मिळत नाही, चारही अवस्था वाचाव्याच लागतात. ‘का’ आणि ‘कसे’ने बनलेला प्रश्न वाचनाला शेवटपर्यंत ओढून नेतो.

मग तिसरा टप्पा, वाचन. ते एका उपशीर्षकापुरतेच, आणि हातात पेन न घेता. हातात पेन असले की मूल वाक्ये उतरवू लागते. डोळ्यांनी पाहिलेले हाताने कागदावर जाते आणि मध्ये विचार होतच नाही. आपला प्रश्न मनात धरून वाचले की मजकुरातले काय मोलाचे ते आपोआप वेगळे होते. आपल्या प्रश्नाचे उत्तर पश्चावस्थेत दडले आहे, हे इथे लक्षात येते.

चौथा टप्पा या रीतीचा प्राण आहे. पुस्तक मिटायचे. आकृतीवरही नजर टाकायची नाही. स्वतःच्या शब्दांत उत्तर मोठ्याने सांगायचे किंवा चार-पाच तुटक शब्दांत लिहायचे. साधारण असे: ‘‘विभाजनाआधीच प्रत्येक गुणसूत्राची प्रत तयार झालेली असते. पूर्वावस्थेत गुणसूत्रे आखूड आणि जाड होतात. मध्यावस्थेत ती पेशीच्या मध्यभागी एका प्रतलात लागतात. पश्चावस्थेत प्रत्येकाचे दोन भाग सुटून विरुद्ध टोकांकडे ओढले जातात. अंत्यावस्थेत दोन्ही टोकांना नवे केंद्रकावरण तयार होते. म्हणून माणसाच्या ४६ गुणसूत्रांच्या पेशीपासून ४६-४६ गुणसूत्रांच्याच दोन पेशी मिळतात.’’ हे सांगताना मूल पश्चावस्थेपाशी अडखळले, तर नेमके तेवढेच पुन्हा उघडून पाहायचे आणि पुस्तक मिटून परत सांगायचे. जमले की पुढच्या उपशीर्षकाकडे, पुन्हा प्रश्नापासून.

आपल्याकडे याला लोक घोकंपट्टी समजतात, पण दोन्हींत मोठे अंतर आहे. घोकताना पुस्तकातले शब्द समोर ठेवून तेच परत परत म्हणतात. इथे शब्द समोर नसतात, आठवण्याची खटपट मनालाच करावी लागते. त्या खटपटीनेच गोष्ट टिकते. अमेरिकेतल्या रॉडिगर आणि कार्पिक या संशोधकांनी २००६ साली विद्यार्थ्यांना छोटे उतारे वाचायला दिले. काहींनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी तो न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी तपासले तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने तपासले तेव्हा आठवून लिहिणाऱ्यांना सुमारे ५६ टक्के मजकूर आठवत होता, पुन्हा वाचणाऱ्यांना ४२ टक्के. फसगत कुठे होते ते यात दिसते. वाचून उठताक्षणी पुनर्वाचन सरस वाटते, म्हणून मुले त्यालाच धरून बसतात.

पाचवा टप्पा उजळणीचा. सगळी उपशीर्षके संपल्यावर आपल्या तुटक टिपणांकडे एकदा पाहायचे, मग ती झाकून मुख्य मुद्दे क्रमाने सांगायचे. पाचेक मिनिटे पुरतात. सूत्री विभाजनात दोन पेशी आणि गुणसूत्रांची तीच संख्या, अर्धगुणसूत्री विभाजनात चार पेशी आणि निम्मी संख्या, ही तुलना इथेच पक्की होते. दोन-तीन दिवसांनी आणि आठवड्याने हेच पुन्हा करावे, तेही पुस्तक मिटूनच.

बिघाड बहुतेक वेळा चौथ्या टप्प्यावर होतो, आणि तो ओळखताही येतो. मूल बोलताना शब्दशः पुस्तकी वाक्ये येत असतील, तर ते पाठ करून बोलते आहे. अशा वेळी ‘‘आकृती काढून दाखव’’ म्हणावे. आठ पाने वाचून मगच पुस्तक मिटले असेल, तर काहीच धड आठवणार नाही आणि मूल रीतीलाच नावे ठेवेल. एका वेळी एकच उपशीर्षक, हे पथ्य पाळावे. सुरुवातीला वेळही जास्त लागतो. साध्या वाचनात वीस मिनिटांत संपणाऱ्या भागाला पाऊण तास लागला तर घाबरू नये.

या रीतीला मर्यादाही आहेत. ती शीर्षकांत नीट विभागलेल्या, माहिती देणाऱ्या प्रकरणांसाठी आहे. विज्ञान, इतिहास आणि भूगोल यांना ती बसते. गणिताच्या उदाहरणांना बसत नाही, तिथे गणिते सोडवूनच पाहावी लागतात. कवितेचे तुकडे करून प्रश्न काढत वाचले तर तिची लय हरवते. विषयाचा पायाच कच्चा असेल आणि गुणसूत्र म्हणजे काय हेच ठाऊक नसेल, तर शीर्षकावरून चांगला प्रश्न सुचत नाही. तेव्हा आधी मागच्या इयत्तेचे पुस्तक उघडावे.

पालकांना विनंती एकच. ‘‘किती पाने वाचलीस?’’ असे विचारू नका. मुलाच्या हातातले पुस्तक आपल्या हातात घ्या, मिटा आणि म्हणा, ‘‘आता मला सांग.’’