नफा वाढला म्हणजे धंदा वाढला?

गैरसमज: निव्वळ नफा अडीचपट झाला, म्हणजे कंपनी जोरात आहे.

शेअर घेण्याआधी बहुतेक जण नफा-तोटा पत्रकाची शेवटची ओळ बघतात. खरी माहिती मधल्या ओळींत असते. एक काल्पनिक कंपनी घेऊ. तिची विक्री 800 कोटींवरून 820 कोटींवर गेली आणि करपूर्व नफा 30 कोटींवरून 78 कोटींवर. मथळा झकास होतो. पण करपूर्व नफ्याच्या जरा वर ‘एक्सेप्शनल आयटम्स’ नावाची ओळ असते. तिथे यंदा 60 कोटी दिसतात: कारखान्याची जुनी जमीन विकल्याचा फायदा. तो वगळला तर उरतात 18 कोटी. म्हणजे नफा वाढलेला नाही, 40 टक्क्यांनी घटला आहे. जमीन दरवर्षी विकता येत नाही.

मूळ धंद्याने किती कमावलं, हे पत्रकात आयतं लिहिलेलं नसतं, काढावं लागतं. या 18 कोटींत व्याजखर्चाचे 48 आणि घसाऱ्याचे 30 कोटी परत मिळवायचे आणि ‘इतर उत्पन्न’ म्हणून दाखवलेले 6 कोटी वजा करायचे. ठेवींवरचं व्याज, गुंतवणुकीवरचा लाभांश अशा गोष्टी त्या ओळीत येतात. त्यांचा मालाच्या विक्रीशी संबंध नसतो. उत्तर येतं 90 कोटी. याच पद्धतीने गेल्या वर्षीचा आकडा 96 निघतो. विक्री वाढूनही मूळ कमाई घसरली, कारण कच्चा माल आणि पगार विक्रीपेक्षा जास्त वाढले. मी कुठल्याही कंपनीची ही आकडेमोड सलग चार-पाच वर्षांची केल्याशिवाय तिच्या नफ्याबद्दल मत बनवत नाही.

गैरसमज: कर्ज भागधारकांच्या निधीच्या सव्वापटीत आहे, मग काळजी नाही.

हे गुणोत्तर उपयोगी आहे, पण हप्ते कशातून फिटणार ते त्यातून कळत नाही. ताळेबंदात कर्ज दोन ठिकाणी लिहिलेलं असतं. दीर्घ मुदतीचं वर, ‘बिगरचालू देणी’ या भागात आणि वर्षाच्या आत फेडायचं खाली, ‘चालू देणी’ या भागात. अनेक जण वरचाच आकडा धरतात. आपल्या कंपनीचे वर 310 कोटी आणि खाली 170 कोटी आहेत, म्हणजे एकूण 480. भागधारकांचा निधी 400 कोटी असल्याने गुणोत्तर 1.2 येतं.

आता खालच्या 170 कोटींची टीप उघडा. त्यातले 70 कोटी हे मुदतकर्जाचे येत्या बारा महिन्यांत द्यायचे हप्ते आहेत. हप्ते 70 आणि व्याज 48, मिळून 118 कोटी. धंद्यातून येणार 90, तेही कर भरण्याआधीचे आणि ग्राहकांकडून सगळी वसुली वेळेवर झाली तर. 28 कोटींची तूट नवं कर्ज काढून, आणखी जमीन विकून किंवा नवे शेअर काढूनच भरून निघणार. नवे शेअर आले की जुन्या भागधारकाचा कंपनीतला वाटा कमी होतो.

दुसरी कसोटी व्याज पेलण्याची. 90 मधून 30 कोटी घसारा वजा करून 60 उरतात, त्यांना 48 ने भागलं की 1.25 येतं. हे 60 कोटी आणखी 20 टक्के घसरले, तर सगळे व्याजातच जातील. उत्पादन करणाऱ्या कंपनीत हा आकडा 3 च्या वर असावा असं मला वाटतं. दीडच्या खाली मी हात लावत नाही.

गैरसमज: ताळेबंदातलं कर्ज वर्षभर तेवढंच असतं.

ताळेबंद हे एका दिवसाचं चित्र आहे. सूचिबद्ध कंपन्या नफ्या-तोट्याचे निकाल दर तिमाहीला देतात, पण ताळेबंद सक्तीचा आहे तो सप्टेंबर आणि मार्चअखेरचा. साखर कंपनीत हा फरक ठळक दिसतो. उसाचं गाळप हिवाळ्यात होतं, शेतकऱ्याला एफआरपी 14 दिवसांत द्यावी लागते, साखर मात्र सरकारने ठरवलेल्या मासिक कोट्याप्रमाणे वर्षभर विकली जाते. त्यामुळे मार्चअखेर गोदामं भरलेली असतात आणि खेळत्या भांडवलाचं कर्ज फुगलेलं असतं. सप्टेंबरपर्यंत साठा संपत येतो, कर्जही उतरतं. अशा कंपनीचा मार्चचा आकडा मागच्या मार्चशीच ताडून पाहावा.

इतर कंपन्यांत व्याजखर्चाला सरासरी कर्जाने भागून पाहावं. आपल्या उदाहरणात कर्ज वर्षभर 480 च्या आसपास होतं असं धरलं, तर 48 भागिले 480 म्हणजे 10 टक्के, हे पटण्यासारखं आहे. पण ताळेबंदात 300 कोटीच दिसत असते आणि व्याज 48 कोटी असतं, तर दर 16 टक्के निघाला असता. अशा वेळी वर्षभर कर्ज जास्त होतं आणि अखेरच्या दिवसांपुरतं कमी केलं, अशी शंका घ्यायला जागा असते. उलट दर फारच कमी निघाला, तर नव्या प्रकल्पावरचं व्याज खर्चात न धरता प्रकल्पाच्या किमतीत मिळवलंय का, ते बघावं. प्रकल्प पूर्ण होईपर्यंत तसं करणं नियमात बसतं. तो सुरू झाला की तेच व्याज नफ्यातून वजा होऊ लागतं. रोकड प्रवाह पत्रकात ‘दिलेलं व्याज’ वेगळं दाखवलेलं असतं. ते नफा-तोटा पत्रकातल्या व्याजापेक्षा बरंच मोठं असेल, तर उत्तर तिथेच मिळतं.

बँका आणि वित्त कंपन्यांना यातली कोणतीही कसोटी लावू नये. उसने पैसे हाच त्यांचा कच्चा माल असतो, त्यांच्यासाठी थकीत कर्जाचं प्रमाण आणि भांडवल पर्याप्तता पाहावी लागते.