झोप यावी म्हणून उशिरा झोपा
लेखमाला : रात्रीचं आरोग्य, भाग ६

मे महिन्यात नाशिकहून जयपूरला बदली झालेले एक बँक अधिकारी डोळ्यांसमोर आणा. वय शेहेचाळीस, कुटुंब नाशिकलाच, मुलाची बारावी झालेली, प्रवेशाचं अजून ठरायचं आहे, घरकर्जाचे हप्ते चालू. ही व्यक्ती मी रचलेली आहे. तिचे आकडे मात्र निद्रानाशाच्या उपचारात नेहमी भेटणारे आहेत, म्हणून आजचा भाग त्यांच्याच सोबतीने पुढे नेऊ.

पहिले दोन-तीन आठवडे त्यांना झोप लागली नाही, यात नवल काहीच नाही. नवं शहर, नवी शाखा, उकाडा. पण जुलै उजाडला, मुलाचा प्रवेश झाला, शाखेत जम बसला, तरी झोप परतली नाही. न्यूयॉर्कमधले निद्रातज्ज्ञ आर्थर स्पीलमन यांनी १९८७ साली मांडलेली विचारपद्धती इथे उपयोगी पडते. निद्रानाश सुरू करणारं कारण एक असतं आणि तो टिकवून धरणारं कारण दुसरंच असतं, असं ते म्हणत. सुरू करणारी काळजी मिटते, पण त्या काळात आपण झोपेसाठी जे उपाय केलेले असतात, तेच पुढे निद्रानाशाला पोसत राहतात.

आपल्या अधिकाऱ्यांनी काय केलं होतं? झोप कमी पडते म्हणून ते साडेनऊलाच आडवे होऊ लागले. सकाळी साडेसहापर्यंत पडून राहू लागले. संध्याकाळी मरगळ येते म्हणून साडेसहाला कोपऱ्यावरच्या थडीवर दोन चहा. जयपुरात चहाच्या टपरीला थडी म्हणतात आणि तिथला कडक, आल्याचा चहा सोडवत नाही हे खरंच. रविवारी दुपारी दोन तासांची झोप. आणि रोज रात्री दहाला, पलंगावर पडल्या पडल्याच, घरी फोन. हप्ता, फी, आईचं गुडघ्याचं ऑपरेशन, सगळे विषय तिथेच.

यातली एकही गोष्ट वेडेपणाची नाही. थकलेला माणूस हेच करणार. पण झोपेची ओढ जागेपणी साठत जाते. जितके तास जागे राहू, तितका मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचा पदार्थ वाढतो आणि डोळे जड होतात. लवकर आडवं झाल्याने आणि दुपारच्या झोपेने ही ओढ साठायच्या आतच खर्च होते. चहातलं कॅफिन त्या अ‍ॅडेनोसिनचीच वाट अडवतं. शरीरातलं निम्मं कॅफिन जायला साधारण पाच तास लागतात, काहींना त्याहून बरेच जास्त. म्हणजे साडेसहाच्या चहाचा अर्धा अंमल साडेअकरालाही उरलेला असतो.

जयपूरचा सूर्यही इथे थोडा आडवा येतो. जंतरमंतरमधल्या सम्राट यंत्रावर सावली जी वेळ दाखवते, ती शहराची स्वतःची वेळ. भारतीय प्रमाणवेळ तिच्यापेक्षा सुमारे सत्तावीस मिनिटं पुढे आहे. जूनमध्ये सूर्य मावळतो तो सव्वासातनंतर. घड्याळात साडेनऊ वाजतात तेव्हा सूर्याच्या हिशेबाने नऊच झालेले असतात, आणि संध्याकाळच्या उजेडाने शरीराचं घड्याळ आणखी मागे सरकतं. अशा वेळी पलंगावर पडलेला माणूस जागाच राहणार.

आणि तिथे काळजीला मोकळं रान मिळतं. पलंगावर रोज तास-दीड तास तळमळत पडलं की पलंग हीच जागरणाची खूण होऊन बसते. सोफ्यावर बातम्या बघताना पेंग येते, पण पलंगावर पाठ टेकताच टक्क जाग येते. हे लक्षण दिसलं की या चक्राची खात्री धरावी. पाठ टेकताच छाती धडधडते, अंग तापतं, मन हिशेब मांडू लागतं : आता झोप लागली तर पाच तास मिळतील, आता साडेचार. काळजी आता कर्जाची राहत नाही, झोपेचीच होते. नजर घड्याळाकडे गेली की हा हिशेब पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो.

दुसऱ्या दिवशी उरलेली बाजू पुरी होते. २००७ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी निरोगी तरुणांना सुमारे पस्तीस तास जागं ठेवलं आणि अस्वस्थ करणारी चित्रं दाखवून त्यांच्या मेंदूचं चित्रण केलं. भीतीची पहिली घंटा वाजवणारा अ‍ॅमिग्डाला हा भाग त्यांच्यात, झोपून आलेल्यांपेक्षा, साठ टक्क्यांनी अधिक पेटत होता. त्याला आवर घालणाऱ्या कपाळामागच्या भागाशी त्याचा संबंधही ढिला पडला होता. रोज पाच-सहा तास झोपणाऱ्याची अवस्था इतकी टोकाची नसते, दोन्ही एकच समजू नयेत. पण दिशा तीच. वरिष्ठांचा साधा मेल धमकीसारखा वाटतो, संध्याकाळपर्यंत तसे चार प्रसंग साठतात आणि रात्री ते पलंगावर उलगडतात.

आता संध्याकाळकडे येऊ. गरम दूध, मंद संगीत, लॅव्हेंडरचा वास यांना माझा विरोध नाही, पण चक्र त्यांनी तुटत नाही. ते तुटतं काळजीची जागा बदलल्याने आणि पलंगावरचा वेळ कमी केल्याने.

काळजीसाठी संध्याकाळचा एक वेळ नेमावा. रात्री आठ, जेवणाआधी, खुर्चीत बसून, वही घेऊन, वीस मिनिटं. पानाच्या डाव्या बाजूला काळजी जशी मनात येते तशीच लिहायची. उजव्या बाजूला तिचं पुढचं लहानात लहान पाऊल आणि ते कधी टाकायचं ते. ‘आईच्या ऑपरेशनचं काय होणार’ याच्यासमोर ‘गुरुवारी दुपारी विमा कंपनीला फोन’. ज्याला पाऊलच नाही, त्याच्यासमोर ‘आज काही करता येत नाही’ असं स्पष्ट लिहायचं. रात्री पलंगावर तोच विचार आला तर त्याला उत्तर एकच : तू वहीत आहेस, उद्या आठला भेटू. पहिले काही दिवस हे पोकळ वाटतं. रोज आठला खरोखर वही उघडली तरच मन त्या आश्वासनावर विश्वास ठेवू लागतं, एक दिवसाआड केलं तर नाही. घरचा फोनही आठनंतर, खुर्चीतूनच करायचा. पैशांचे विषय आधी काढायचे आणि शेवटी दिवसभराच्या साध्या गप्पा.

झोपायच्या आधी पाच मिनिटं नुसती उद्याच्या कामांची यादी केली तरी फरक पडतो. अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठात २०१८ साली सत्तावन्न तरुणांवर हे पाहिलं गेलं. उद्या करायची कामं लिहिणाऱ्यांना, झालेली कामं लिहिणाऱ्यांपेक्षा, सुमारे नऊ मिनिटं आधी झोप लागली. यादी जितकी तपशीलवार, तितकी झोप लवकर. प्रयोग छोटा होता, पण करून पाहायला काही लागत नाही.

दुसरी गोष्ट अवघड आहे आणि ऐकताना उलटी वाटते. आठवडाभर रोज सकाळी अंदाजाने लिहायचं : कधी आडवे झालो, झोप किती लागली, कधी उठलो. आपल्या अधिकाऱ्यांची सरासरी आली ती अशी : पलंगावर साडेनऊ ते साडेसहा, म्हणजे नऊ तास, आणि झोप सहा तास. पलंगावरच्या वेळेचा सदुसष्ट टक्के भागच झोपेचा. मग पुढच्या आठवड्यात त्यांना पलंगावर सहाच तास मिळतात : रात्री बारा ते सकाळी सहा, रविवारीही. दुपारची झोप बंद, चहा दुपारी दोनपर्यंतच. झोप कितीही कमी भरली तरी हा अवधी साडेपाच तासांखाली नेत नाहीत.

दहा ते बारा हा वेळ जड जातो. जयपूरच्या उन्हाळ्यात मात्र तो कामी लावता येतो. दिवसभर तापलेल्या दगडी भिंती आणि छत मध्यरात्रीपर्यंत उष्णता सोडत असतात, म्हणजे साडेनऊला खोली सर्वांत गैरसोयीची असते. दहा-साडेदहाला दहा मिनिटं कोमट-गरम पाण्याने अंघोळ करावी. मेमध्ये छतावरच्या टाकीतून तसंच पाणी येतं. गरम पाण्याने त्वचेतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, आतली उष्णता बाहेर पडते आणि तास-दीड तासात शरीर आतून थंडावतं. झोप याच उतारावर लागते. कूलर लावला असेल तर समोरची खिडकी उघडी हवी, नाहीतर खोली दमट होते. पावसाळी हवेत कूलर तसाही निरुपयोगी, तेव्हा पंखाच बरा. उरलेला वेळ मंद दिव्यात, खुर्चीत : इस्त्री, वाचन, जुनी गाणी. कार्यालयाचे मेल नकोत.

पलंगावर पडून वीसेक मिनिटं झाली असं वाटलं (घड्याळ न बघता, ते भिंतीकडे वळवून ठेवावं) आणि मन तापू लागलं, तर उठून पुन्हा खुर्चीत जायचं. पेंग आली की परत. रिचर्ड बूटझिन यांनी १९७२ साली सांगितलेला हा नियम आजही टिकून आहे, कारण पलंग आणि जागरण यांची गाठ दुसऱ्या कशाने इतकी सुटत नाही.

आपल्या अधिकाऱ्यांच्या वहीत पुढे असं दिसेल. बारा ते सहाच्या पहिल्या आठवड्यात झोप सव्वापाच तास, म्हणजे आधीपेक्षाही कमी. दिवसा पेंग, चिडचिड. बहुतेक लोक इथेच सोडून देतात. पण टक्केवारी पाहा : सत्त्याऐंशी. ती पंच्याऐंशीच्या वर गेली की पलंगावरचा वेळ पंधरा मिनिटांनी वाढवायचा, म्हणजे पावणेबाराला आडवं व्हायचं. त्या आठवड्यात पाच तास चाळीस मिनिटं झोप. मग साडेअकरा, मग सव्वाअकरा. अकरा ते सहापर्यंत पोचेस्तोवर झोप सहा तास वीस मिनिटं. सुरुवातीपेक्षा वीसच मिनिटं जास्त, पण आता ती सलग आहे आणि पलंगावरची तळमळ तीन तासांवरून चाळीस मिनिटांवर आली आहे. काळजी फुलायची ती त्याच तीन तासांत. टक्केवारी ऐंशीच्या खाली घसरली तर वेळ पंधरा मिनिटांनी परत कमी करायचा.

हे सर्वांनी स्वतःच्या जिवावर करू नये. फीट येणारे, उन्माद-नैराश्याचा आजार असलेले आणि रात्री ट्रक किंवा बस चालवणारे यांना झोप कमी करणं धोक्याचं आहे. पहिल्या दोन आठवड्यांत कोणीही लांबचा प्रवास स्वतः गाडी चालवत करू नये. जे रोज अल्प्राझोलामसारखी गोळी घेतात त्यांनी ती एकदम थांबवू नये. अचानक थांबवली की झोप आणि काळजी दोन्ही पूर्वीपेक्षा उसळतात, आणि माणूस समजतो की गोळीशिवाय आपलं होणारच नाही. डॉक्टरांच्या देखरेखीखाली मात्रा हळूहळू उतरवता येते. या सगळ्या पद्धतीला निद्रानाशासाठीची कॉग्निटिव्ह बिहेवियर थेरपी म्हणतात आणि अमेरिकेतल्या फिजिशियनांच्या संघटनेने २०१६ मध्ये तिला गोळ्यांच्या आधीचं स्थान दिलं. काळजी दिवसभर पाठ सोडत नसेल, किंवा जगणं नको असे विचार येत असतील, तर वहीवर थांबू नका. १४४१६ या ‘टेली-मानस’ क्रमांकावर चोवीस तास बोलता येतं.

आणि सहा आठवडे हे सगळं नीट करूनही सकाळी डोकं जड राहत असेल, घोरणं मोठं असेल, घरच्यांनी रात्री श्वास अडकताना पाहिला असेल, तर तो निद्रानाश नसून स्लीप अ‍ॅप्निया असू शकतो. तिथे पलंगावरचा वेळ कमी करून उपयोग नाही, तपासणीच हवी. ती कशी होते आणि अहवाल कसा वाचायचा, हे पुढच्या आठवड्यात.