आजीचा फोटो, तेरा किरणं आणि एक सोनेरी रेघ

कौंडण्यपूरला वर्धेच्या घाटावर काढलेला आजीचा एक जुना फोटो आमच्याकडे आहे. नऊवारी, डोक्यावर पदर, नाकात नथ, मान किंचित वळलेली. त्याचं मला आर्ट डेको पद्धतीचं पोस्टर करायचं होतं. या शैलीला नाव मिळालं ते पॅरिसच्या 1925 च्या प्रदर्शनावरून, आणि आपल्याकडे ती मुंबईत मरीन ड्राइव्हच्या इमारतींवर दिसते. काटेकोर समतोल, लांब सरळ रेषा आणि मोजकं सोनं एवढ्यावर ती उभी असते.

समतोल म्हटल्यावर पहिली चूक तिथेच झाली. मी चेहऱ्याचा डावा अर्धा भाग उलटवून उजवीकडे जोडला. चेहरा रेखीव झाला, पण नाकात दोन नथी आल्या आणि पदर दोन्हीकडून सारखा उतरला. दुसरी नथ खोडून आईला दाखवलं, तर ती म्हणाली, "हे माय नाई बाप्पा. हे दुसरीच कोनी बाई हाय." माणसाची ओळख चेहऱ्याच्या दोन बाजूंतल्या फरकात असते, म्हणून चेहरा जसाच्या तसा ठेवायचा आणि समतोल सगळा त्याच्या भोवतीच्या चौकटीला द्यायचा.

फोटो 600 डीपीआयला स्कॅन केला आणि GIMP मध्ये कृष्णधवल करून थोडा धूसर केला. हे धूसर करणं टाळू नये, नाहीतर जुन्या कागदाचे ठिपके पुढे हजार तुकडे होऊन येतात. मग Posterize ला 4 पातळ्या दिल्या. आता चेहऱ्यावर चारच छटा उरतात आणि उजेड कुठे संपतो, सावली कुठे सुरू होते ते नकाशासारखं दिसतं. फोटोत उजेड समोरून पडलेला असेल तर गाल, नाक, हनुवटी एकाच छटेत जातात. असा फोटो या कामाला चालत नाही.

त्या नकाशावर Inkscape मध्ये हातानेच रेषा काढल्या. आपोआप रेखाटन करणारी सोय आहे, पण ती प्रत्येक सुरकुतीला वळसा घालत बसते. इथे कानापासून हनुवटीपर्यंत एकच वळण हवं. पदराच्या चुण्या मोजल्या तर अकरा होत्या. मी तीन ठेवल्या, एकमेकींना समांतर. नारायण गणेश पानसरे यांनी मुंबईच्या न्यू इंडिया अॅश्युरन्स इमारतीवर कोरलेल्या आपल्याकडच्या माणसांच्या उंच आकृती पाहिल्या, तर कापड किती कमी रेषांत उभं राहतं ते कळतं. डोळ्यांखालच्या दोन सुरकुत्या मात्र मी राखल्या. त्या गेल्या की आजी तिशीतली दिसत होती.

मग मागची किरणं. एक निमुळता त्रिकोण काढला, टोकाशी 7.5 अंशांचा. फिरवण्याचा केंद्रबिंदू त्या टोकावर आणून ठेवला आणि Ctrl+D ने प्रती करत प्रत्येक प्रत आधीच्यापेक्षा 15 अंशांनी वळवली. डाव्या क्षितिजापासून उजव्यापर्यंत तेरा किरणं बसली. संख्या विषमच हवी. बारा घेतली तर डोक्याच्या बरोबर वर रिकामी फट येते आणि पोस्टर मधोमध चिरल्यासारखं दिसतं. किरणांचं केंद्र आधी मी कपाळामागे धरलं होतं. त्याने आजीच्या मागे देवीची प्रभावळ उभी राहिली. कौंडण्यपूर म्हणजे रुक्मिणीचं माहेर, तिथे ते मला बरं वाटेना, म्हणून केंद्र खाली गळ्यापाशी आणलं. तळाला घाटाच्या पायऱ्या दोन्ही बाजूंनी सारख्या चढत नेल्या आणि वर्धेचं पाणी चार आडव्या पट्ट्यांत दाखवलं.

सोनं शेवटी. पडद्यावर #C9A227 छान चमकल्यासारखा दिसतो, पण साध्या चार रंगांच्या छपाईत त्याची मोहरी होते, कारण चमक रंगात नसते, धातूत असते. खरी झळाळी हवी तर लग्नपत्रिकेवर करतात तसं फॉइल करून घ्यावं. त्यासाठी सोनेरी भाग वेगळ्या फाइलमध्ये, पूर्ण काळ्या रंगात द्यावा लागतो. अर्ध्या मिलिमीटरहून बारीक रेघ तुटू शकते. शिवाय फॉइल छपाईवर थोडंफार सरकतंच, म्हणून चेहऱ्याच्या कडेला घासून सोनं ठेवू नये. सरकलं तर गालावर पांढरी किनार दिसते. मी ते चौकटीला, एकाआड एक किरणांच्या कडांना आणि नथीला दिलं. बांगड्याही आधी सोनेरी होत्या, पण मग नजर हातावरच जाई, म्हणून त्या काढल्या.

राहिलं नाव. शिरोरेघ म्हणजे देवनागरीला आयतीच मिळालेली डेको रेषा. 'कौंडण्यपूर'ची शिरोरेघ मी दोन्हीकडे चौकटीपर्यंत ओढली, चौकटीच्याच जाडीची. फक्त 'कौं'वरच्या मात्रा आणि अनुस्वार पाण्याच्या शेवटच्या पट्टीला भिडत होते. ती पट्टी वर सरकवली आणि फाइल छपाईला दिली.