विषाणू सगळ्यांना, सर्दी मात्र काहींनाच

अमेरिकेतल्या पिट्सबर्ग शहरात एका हॉटेलचा मजला दर खेपेला काही दिवसांसाठी राखून ठेवला जायचा. तिथे उतरणारे पाहुणे ठणठणीत तब्येतीचे असत आणि आल्यावर त्यांच्या नाकात थेंब सोडले जात. थेंबांत सर्दीचा जिवंत विषाणू असे, ऱ्हायनोव्हायरस ३९ या जातीचा. पाहुण्यांना हे आधी सांगितलेलं असायचं, त्यांनी लेखी संमती दिलेली असायची आणि त्यासाठी मोबदलाही मिळायचा. पुढचे पाच दिवस त्यांनी नाक पुसलेला एकही टिश्यू पेपर फेकायचा नसे. सगळे कागद प्लास्टिकच्या पिशवीत बंद होत आणि पिशवीचं वजन केलं जाई. कोरड्या कागदाचं आणि पिशवीचं वजन वजा केलं की उरायचं ते शेंबडाचं वजन.

हा किळसवाणा हिशेब मांडणारे शेल्डन कोहेन हे कार्नेगी मेलन विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ. वजन करण्यामागे कारण होतं. ताणाखाली असलेला माणूस तक्रारही जास्त करतो, असा संशय कोणीही घेऊ शकतो. "मला फार सर्दी झालीय" या सांगण्यावर विसंबलं, तर मोजलं काय जाणार, आजार की कुरकुर? म्हणून आणखी एक चाचणी होती. नाकाच्या पुढच्या भागात गोड चवीचं रंगीत द्रावण सोडायचं आणि घशाशी गोडी जाणवायला किती वेळ लागतो ते पाहायचं. नाक स्वच्छ असेल तर ते काही मिनिटांत मागे सरकतं, चोंदलेलं असेल तर रेंगाळतं. शरीरात विषाणूची लागण झाल्याचा पुरावा हवा आणि त्याच्या जोडीला एकूण किमान १० ग्रॅम शेंबूड किंवा नेहमीपेक्षा ७ मिनिटांचा उशीर हवा. तेव्हाच त्या माणसाच्या नावापुढे 'सर्दी झाली' अशी नोंद व्हायची.

आता खरी गंमत पाहा. विषाणू थेट नाकात सोडल्यावर बहुतेक सगळ्यांना लागण होते. पण सर्दीने आजारी पडतात ते साधारण एक तृतीयांशच. बाकीच्यांच्या शरीरात विषाणू वाढतो, रक्तात त्याच्याविरुद्धची प्रतिपिंडंही तयार होतात, आणि त्या माणसाला काही कळतसुद्धा नाही. मग कोण आजारी पडतं आणि कोण सुटतं?

या प्रश्नाचा माग इंग्लंडमधल्या सॅलिस्बरीपर्यंत जातो. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४६ साली, तिथल्या एका जुन्या लष्करी इस्पितळाच्या बराकींमध्ये सर्दीवर संशोधन करणारं केंद्र सुरू झालं आणि ते सुमारे चार दशकं चाललं. दहा दिवस फुकट राहणं-जेवण, निवांत परिसर आणि बदल्यात नाकात थेंब. लोक ही हौसेची सुट्टी समजून येत, काही तर पुन्हा पुन्हा येत. तिथल्या सुरुवातीच्या एका प्रयोगात माणसांना गरम पाण्याने आंघोळ घालून ओलेत्याने वाऱ्याच्या बोळात उभं केलं आणि वर ओले मोजे घालून ठेवलं. नुसत्या गारठ्याने सर्दी झाली नाही. "ओल्या केसांनी फिरू नकोस, पडसं होईल" असं सांगणाऱ्या घरोघरच्या आज्या हे मान्य करणार नाहीत. त्यांच्या बाजूनेही थोडं बोलता येतं. पाय थंड पाण्यात बुडवून बसल्यावर पुढच्या काही दिवसांत सर्दीच्या तक्रारी वाढतात, असं कार्डिफच्या संशोधकांना २००५ मध्ये आढळलं. पण त्यांनी विषाणू तपासला नव्हता.

याच सॅलिस्बरीच्या केंद्रात कोहेन यांनी केंद्राचे प्रमुख डेव्हिड टायरेल आणि अँड्र्यू स्मिथ यांच्याबरोबर ताणाचा प्रश्न तपासला. ३९४ निरोगी माणसांना पाचांपैकी एका विषाणूचे थेंब दिले आणि तुलनेसाठी २६ जणांना नुसतं मिठाचं पाणी. त्याआधी प्रत्येकाला विचारलं होतं, की गेल्या वर्षभरात आयुष्यात काय काय घडलं, सध्याची परिस्थिती आवाक्याबाहेर गेल्यासारखी वाटते का, मन उदास असतं का. १९९१ मध्ये निष्कर्ष छापून आले. सर्वांत कमी ताण असलेल्या गटात सुमारे २७ टक्के लोकांना सर्दी झाली, तर सर्वांत जास्त ताण असलेल्या गटात ४७ टक्क्यांना. मधल्या गटांचं प्रमाण ताणाच्या पायऱ्यांबरोबर चढत गेलं. वय, धूम्रपान, दारू, व्यायाम, आहार हे सगळं हिशेबात धरूनही फरक टिकला.

पण ताण म्हणजे नेमका कोणता? कार्यालयात साहेब ओरडला तोही ताण आणि वर्षभर नोकरी नाही तोही ताण. म्हणून पुढे २७६ जणांच्या सविस्तर मुलाखती घेतल्या गेल्या. कोणती अडचण कधी सुरू झाली, किती तीव्र होती, संपली का, सगळं खोदून विचारलं. १९९८ मध्ये आलेलं उत्तर सरळ होतं. महिन्याच्या आत निवळणाऱ्या अडचणींनी, मग त्या कितीही तीव्र असोत, सर्दीचा धोका वाढला नाही. महिन्यापेक्षा जास्त लांबलेल्या अडचणींनी वाढला. त्यांतही दोन प्रकार ठळक दिसले. एक म्हणजे बेकारी किंवा कुवतीपेक्षा हलकं काम करावं लागणं, आणि दुसरा घरच्यांशी वा मित्रांशी धुमसत राहिलेला बेबनाव. परीक्षेच्या आठवड्याची धडधड शरीर निभावून नेतं. जाऊबाईंशी दोन वर्षं चाललेला अबोला त्याला जड जातो.

हे कसं घडतं, याचं नेहमीचं उत्तर म्हणजे 'ताणाने प्रतिकारशक्ती कमी होते'. बोलायला सोपं, पण सर्दीच्या बाबतीत अपुरं. नाक गळणं, चोंदणं, घसा दुखणं ही कामं ऱ्हायनोव्हायरस स्वतः फारशी करत नाही. ती आपल्याच शरीराने केलेल्या दाहाची लक्षणं आहेत. लागण झालेल्या पेशी सायटोकाइन नावाची रसायनं सोडतात, रक्तवाहिन्या सैल होतात, सूज येते, शेंबूड सुटतो. निव्वळ प्रतिकारशक्ती ढिली पडली असती तर हा दाह कमी व्हायला हवा होता, म्हणजे लक्षणंही कमी. प्रत्यक्षात ताणाखालची माणसं जास्त गळतात.

कोडं कॉर्टिसॉलपाशी सुटतं. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या ग्रंथींतून हे संप्रेरक स्रवतं. शरीराला तयार ठेवण्याबरोबरच दाह हाताबाहेर जाऊ न देणं हेही त्याचं काम, दाहाचा ब्रेकच म्हणा ना. महिनोन् महिने ताण राहिला की रोगप्रतिकारक पेशी कॉर्टिसॉलला दाद देईनाशा होतात. २०१२ साली कोहेन यांच्या चमूने हे दाखवलं. दीर्घ ताणाखालच्या माणसांच्या पेशी कॉर्टिसॉलचं कमी ऐकत होत्या, आणि ज्यांच्या पेशी असं दुर्लक्ष करत होत्या त्यांनाच थेंबांनंतर जास्त प्रमाणात सर्दी झाली. ७९ जणांच्या दुसऱ्या गटात या दुर्लक्षाबरोबर नाकातल्या सायटोकाइनचं प्रमाणही वाढलेलं दिसलं. रक्तात कॉर्टिसॉल किती आहे, यावरून मात्र सर्दीचा अंदाज बांधता आला नाही. त्यामुळे 'ताण मोजण्यासाठी' परस्पर कॉर्टिसॉलची तपासणी करून घेणाऱ्यांना या आकड्यातून सर्दीबद्दल काही समजणार नाही.

झोपेची गोष्ट याहून सोपी आहे आणि आकड्यांनी जास्त चमकावणारी. १५३ निरोगी माणसांना १४ दिवस रोज फोन करून विचारलं, की काल किती वाजता आडवे झालात, झोप कधी लागली, मध्ये किती वेळ जागे होतात. त्यानंतर थेंब. २००९ मध्ये निष्कर्ष आला. सात तासांपेक्षा कमी झोपणाऱ्यांमध्ये सर्दीचा धोका आठ तास किंवा जास्त झोपणाऱ्यांच्या जवळपास तिप्पट निघाला. त्याहून मोठा फरक तासांत नव्हता, सलगपणात होता. अंथरुणात घालवलेल्या वेळापैकी खरोखर झोपेत गेलेला वेळ ९८ टक्के किंवा त्याहून जास्त असणारे एका बाजूला आणि ९२ टक्क्यांच्या आतले दुसऱ्या बाजूला. दुसऱ्यांचा धोका साडेपाचपट.

९२ टक्के ऐकायला वाईट वाटत नाही. आठ तासांचा हिशेब करून पाहू. आठ तास म्हणजे ४८० मिनिटं आणि त्यांचे आठ टक्के म्हणजे सुमारे ३८ मिनिटं. रात्री अकराला पडलं, वीस मिनिटं कूस बदलण्यात गेली, तीनच्या सुमाराला जाग येऊन वीस मिनिटं छताकडे पाहिलं आणि सातला उठलं, की माणूस या गटात जाऊन बसला. सकाळी ताजंतवानं वाटतं की नाही, याचा सर्दीशी संबंध आढळला नाही. म्हणजे "मला पाच तास पुरतात" हे सांगणाऱ्याला ते मनापासून वाटत असेल, पण त्याच्या नाकाचं मत वेगळं असू शकतं.

फोनवरच्या उत्तरांवर किती विश्वास ठेवायचा, ही शंका रास्तच होती. म्हणून पुढच्या अभ्यासात अॅरिक प्रेदर यांनी १६४ जणांच्या मनगटाला हालचाल टिपणारं घड्याळासारखं यंत्र सात दिवस बांधलं आणि झोप यंत्राकडूनच मोजून घेतली. २०१५ मध्ये छापलेला हा निकाल जास्त भरवशाचा आहे. रात्री सहा तासांपेक्षा कमी झोपणाऱ्यांची सर्दी होण्याची शक्यता सात तासांहून जास्त झोपणाऱ्यांच्या चौपटीहून अधिक होती. सहा ते सात तासांच्या गटात मात्र ठोस फरक दिसला नाही. म्हणून 'आठ तास झोपलंच पाहिजे' हा धाक घेऊन घड्याळाकडे बघत जागणाऱ्यांनी थोडं सैल व्हावं. रेषा सहाच्या आसपास आहे.

या अभ्यासांची एक मर्यादा लक्षात ठेवायला हवी. यांत कोणाला मुद्दाम जागवलं नव्हतं की मुद्दाम बेकार केलं नव्हतं. माणसं जशी जगत होती तशी घेतली. त्यामुळे कमी झोप आणि सर्दी या दोन्हींमागे तिसरंच एखादं कारण नसेलच, असं शंभर टक्के म्हणता येत नाही. झोप मुद्दाम तोडून पाहिल्याचं एक उदाहरण फ्लूच्या लशीचं आहे. २००२ मधल्या त्या छोट्या प्रयोगात काही तरुणांना रोज चारच तास झोपू दिलं होतं. दहा दिवसांनी त्यांच्या रक्तातली प्रतिपिंडं पुरेशी झोप घेणाऱ्यांच्या निम्म्याहूनही कमी होती. आणखी काही आठवड्यांनी दोन्ही गट बरोबरीत आले. म्हणजे प्रतिसाद आला, पण उशिरा. हे झालं लशीचं, सर्दीचं नव्हे.

शिवाय या सगळ्या प्रयोगांत झोप आणि ताण मोजले ते विषाणू नाकात जाण्याच्या आधीचे. शिंका सुरू झाल्यावर दोन दिवस रजा टाकून झोपल्याने सर्दी माघार घेईल, असं यांतून सिद्ध होत नाही. विश्रांतीने बरं वाटतं, ते वेगळं.

वर्षातून वारंवार सर्दीने हैराण होणाऱ्यांनी काढ्यांची आणि गोळ्यांची यादी वाढवण्याआधी दोन आठवडे एक वही उशाशी ठेवावी. अंथरुणाला पाठ कधी टेकली, उठलो कधी, मध्ये अंदाजे किती वेळ जागे होतो, एवढंच रोज सकाळी लिहायचं. झोप सहा तासांच्या आत येत असेल किंवा रोज चाळीसेक मिनिटं जागरणात जात असतील, तर ती वही घेऊन डॉक्टरांकडे जावं. सोबत मोठं घोरणं आणि झोपेत श्वास अडकणं असेल, तर ते आवर्जून सांगावं, कारण त्या झोपमोडीवर वेगळे उपचार आहेत.