गुंठा आणि तोळा इंग्रजी कागदावर कसा लिहायचा?

लोनचा प्रोजेक्ट रिपोर्ट इंग्रजीत टाईप करायला बसलं की मशिनरी, कच्चा माल, पगार हे सगळं पटपट होतं. गाडी अडते ती जमीन आणि सोन्याच्या रकान्यात. बोलताना आपण गुंठे आणि तोळे म्हणतो, सातबाऱ्यावर हेक्टर-आर असतं आणि बँकेला चौरस मीटर नि ग्रॅम हवे असतात.

एक उदाहरण घेऊ. समजा, एका ताईंना मसाला कांडपाचं युनिट टाकायचंय. जागा घरची आहे, घरात सगळे म्हणतात "पंधरा गुंठे". सातबाऱ्यावर क्षेत्र आहे ०.१५.००. हे दोन टिंबांचं प्रकरण आधी समजून घ्या. पहिला आकडा हेक्टर, दुसरा आर, तिसरा चौरस मीटर. म्हणजे शून्य हेक्टर, १५ आर, शून्य चौरस मीटर.

आता गावाकडे आर आणि गुंठा एकच समजतात. जवळजवळ सारखे आहेत, पण एक नाहीत. एक आर म्हणजे बरोबर १०० चौरस मीटर. गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, १,०८९ चौरस फूट, म्हणजे साधारण १०१.१७ चौरस मीटर. असे ४० गुंठे म्हणजे एक एकर. (गुंठा हे क्षेत्राचं माप आहे हं, प्लॉट चौकोनीच असेल असं नाही.)

ताईंचे १५ आर म्हणजे १,५०० चौरस मीटर. त्याला १०१.१७ ने भागलं की १४.८३ गुंठे येतात. इंग्रजीत "पंधरा गुंठे" लिहून त्याचे चौरस फूट केले तर १६,३३५ होतात आणि सातबाऱ्याप्रमाणे होतात १६,१४६. फरक १८९ चौरस फुटांचा, एका बऱ्यापैकी खोलीएवढा! बँकेचे वकील सातबारा शेजारी ठेवून अर्ज वाचतात, तेव्हा ही न जुळणारी खोली त्यांना दिसतेच. म्हणून सुरुवात नेहमी सातबाऱ्याच्या आकड्यापासून करा, घरातल्या बोलण्यापासून नाही. आणि सातबाऱ्यावर नावं चार असतील तर आपल्या नावापुढचं क्षेत्र बघा, एकूण नाही.

याहून मोठा घोळ शून्याचा होतो. सातबाऱ्यावर ०.०४.५० असेल तर ते साडेचार आर आहेत. इंग्रजीत दोन टिंबं विचित्र दिसतात म्हणून टाईप करणारा एक टिंब काढतो, सोबत एक शून्यही उडतं आणि ०.४५ हेक्टर उरतं. झाली जमीन दहापट! उपाय सोपा आहे: पहिलं टिंब ठेवा, दुसरं काढा, आकडा एकही गाळू नका. ०.०४५० हेक्टर. ताळा करायला दहा हजारांनी गुणा, ४५० चौरस मीटर आले पाहिजेत. आणखी एक, आर हे माप इंग्रजीत नुसतं R असं लिहू नका. बाहेरच्या ऑफिसात ते कुणाला कळत नाही.

आता सोनं. ताईंकडे आजीच्या पाटल्या आहेत आणि जुनी पावती आहे: ५ तोळे ३ मासे. आज सराफाकडे तोळा म्हणजे १० ग्रॅम. पण जुना तोळा ११.६६४ ग्रॅमचा, त्याचे १२ मासे, एका माशाच्या ८ गुंजा. पावतीवर मासे-गुंजा दिसल्या की बहुधा जुना तोळा समजायचा. ५ तोळे ३ मासे म्हणजे सव्वापाच तोळे, गुणिले ११.६६४, झाले ६१.२४ ग्रॅम. आजच्या तोळ्याने केलं तर ५२.५० येतात.

खरं काय ते काटा सांगतो. समजा, पाटल्यांचं वजन ६०.८० भरलं. वापरून थोडी झीज झालेली असते, म्हणजे जुना तोळाच होता. ५२.५० लिहिलं असतं तर ताईंनी स्वतःच्या हाताने आठ ग्रॅम सोनं कागदावरून कमी केलं असतं! कागदावर काट्याचं वजनच जाईल, पावतीचा हिशोब फक्त पडताळणीला. दागिन्यात खडे किंवा लाख असेल तर ती वजा करून निव्वळ वजन लिहा. शुद्धता वेगळी, ती बँकेचा सराफ तपासतो.

ताईंच्या रिपोर्टमध्ये शेवटी या दोन ओळी अशा जातील:

```
Land: 0.1500 ha = 1,500 sq m, as per 7/12 extract; about 14.83 guntha, 1 guntha = 1,089 sq ft
Gold: net weight 60.80 g, as weighed; old bill 5 tola 3 masha, 1 tola = 11.664 g, 12 masha = 1 tola
```

आधी मेट्रिक आकडा, मग तो कशावरून घेतला ते, आणि गुंठा-तोळा शेवटी, त्याच्या मापासकट. गुंठा आणि तोळा गाळायचे नाहीत, कारण जुन्या खरेदीखतावर आणि पावतीवर तेच शब्द आहेत. उद्या कुणी फाईल उघडली तर दोन्ही कागद एकाच मालमत्तेचे आहेत हे त्यावरूनच कळतं.