रस्ता, माल आणि माणसं : तीन प्रश्न, एक जाळं

१९३० मध्ये ए. एन. टॉलस्टॉय या सोव्हिएत अभ्यासकानं (कादंबरीकाराशी गल्लत नको) रेल्वेच्या मालवाहतुकीवर लेख लिहिला. माल पाठवणारी १० ठिकाणं, घेणारी ६८. संगणक नव्हताच. त्यानं कागदावर काढलेली आखणी पुढे तपासली, तेव्हा तिच्याहून स्वस्त आखणी निघत नाही असं आढळलं.

त्याची युक्ती छोट्या उदाहरणात पाहू. गोदाम ‘क’मध्ये ३० टन धान्य आहे, ‘ख’मध्ये २०. ‘प’ गावाला २० टन हवंय, ‘फ’ला ३०. टनामागे भाडं असं: क ते प ४०० रुपये, क ते फ ९००, ख ते प ३००, ख ते फ ५००. कुणीही आधी सर्वांत स्वस्त वाट धरेल, म्हणजे ‘ख’चा सगळा माल ‘प’ला. मग ‘क’चे ३० टन ‘फ’ला जातात आणि बिल होतं ३३,००० रुपये.

आता एका टनाची अदलाबदल करू. ‘ख’चा एक टन ‘प’ऐवजी ‘फ’ला गेला की २०० रुपये वाढतात, त्याबदल्यात ‘क’चा एक टन ‘फ’ऐवजी ‘प’ला गेला की ५०० वाचतात. टनामागे निव्वळ ३०० रुपयांची बचत. वीसही टन फिरवले की बिल २७,००० वर येतं. अशी फायद्याची अदलाबदल कुठेच उरली नाही, की आखणी सर्वांत स्वस्त झाली असं सिद्ध करता येतं. ‘क’ ते ‘प’ रस्त्यावरून १२ टनच जाऊ शकत असतील, तर अदलाबदल तिथेच थांबते आणि बिल २९,४०० राहतं.

या मांडणीला ‘किमान खर्चाचा प्रवाह’ म्हणतात. प्रत्येक ठिकाणी किती माल निघतो किंवा लागतो, प्रत्येक वाटेवर दर काय आणि मर्यादा किती, एवढंच तिला सांगायचं. मधल्या ठिकाणी जेवढं आलं तेवढं पुढे गेलं पाहिजे.

गंमत पुढे आहे. सुरुवातीला एकच नग ठेवा, शेवटी एकाचीच मागणी, आणि दर म्हणून अंतर लिहा: उत्तरात सर्वांत जवळचा रस्ता मिळतो. गोदामांच्या जागी कामगार आणि गावांच्या जागी तेवढीच कामं ठेवा, प्रत्येकाकडे एक नग: कुणाला कोणतं काम द्यायचं ते ठरतं.

पण अर्धा माणूस एका कामावर आणि अर्धा दुसऱ्यावर, असं उत्तर आलं तर? पुरवठा, मागणी आणि मर्यादा पूर्णांकात असल्या की सर्वांत स्वस्त उत्तरांपैकी एक तरी पूर्णांकातलं असतंच. वर पाहिलेल्या अदलाबदलीत आकडे फक्त वाढतात किंवा घटतात, भागाकार कुठेच येत नाही.

मात्र एकाच रस्त्याची मर्यादा धान्य आणि सिमेंट यांनी वाटून घेतली, तर ही हमी जाते. टनामागे दराऐवजी ‘ट्रक निघाला की ठरावीक भाडं’ असेल, तरीही ही मांडणी पुरत नाही. एका टनासाठी अख्ख्या ट्रकचं भाडं पडतं, आणि एकेक टन फिरवून पाहण्याची युक्ती तिथे फसते.